दोन कॅप्सूल आणि एक घोट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि गावभागातल्या आमच्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत. आम्ही सगळे विश्रामबागेत मेहुण्याकडे मुक्कामाला. पाणी ओसरल्यावर परत आलो तर घरात वीतभर चिखल. तो अनवाणी पायांनी, फावड्यानं, दोन दिवस उपसला. ह्या सगळ्यातून मी सुखरूप बाहेर पडलो. मला आडवं केलं ते दोन कॅप्सूलनी. खरं म्हणजे आडवा मी आधीच झालो होतो, भानगड तिथंच झाली.

गल्लीत आरोग्य खात्याच्या ताई आल्या होत्या. चिखलात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, पायाला चीर असेल तर लेप्टो होतो, म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लीनच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल. "एकदम घ्यायच्या. जेवून, भरपूर पाण्याबरोबर," ताई म्हणाल्या. मी मान हलवली. ह्या मानेनं आजवर बऱ्याच गोष्टींना होकार दिलेला आहे.

रात्री साडेअकराला अंग असं दुखत होतं की गादीवर पडलो आणि मगच कॅप्सूल आठवल्या. पिण्याचं पाणी टँकरचं, घागर स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघर आठ पावलांवर. उशाशी बाटलीच्या तळाला एक घोट शिल्लक होता. कोपरावर जरासा उठलो, दोन्ही कॅप्सूल तोंडात टाकल्या, तो घोट वर ओतला आणि परत पडलो. काहीतरी किंचित अडल्यासारखं वाटलं. पण झोप त्याच्या आधी पोचली.

सकाळी चहा. पहिला घोट खाली गेला आणि छातीच्या मधोमध, हाडाच्या मागं, कुणीतरी पेटती बिडी विझवावी तसं झालं. दुसरा घोट घेतला, खात्री करायला. खात्री झाली.

"पित्त," बायको म्हणाली. "दोन दिवस कुठलंबी काहीबाही खाताय."

"नजर," आई म्हणाली. पुरात बुडालेल्या घराला कोण नजर लावणार, हे मी विचारलं नाही.

शेजारचे काका चिखलाचं फावडं हातात घेऊनच आत आले. "अडकलंय काहीतरी. केळं गिळा, न चावता. ढकलत नेतंय." मी केळं गिळलं. त्यानं ढकललं, पण ज्या जागी ढकललं तिथं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून काकांनी निदान बदललं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "छातीत हाय नव्हं? हार्ट बघून घ्या."

एवढं एक मात्र त्यांनी बरोबर सांगितलं. डॉक्टरांनी आधी ईसीजीच काढला. बावन्न वय, छातीत जळजळ, दोन दिवस फावडं. अशा माणसानं घरात बसून ठरवायचं नसतं, म्हणाले. ईसीजी नॉर्मल आला. मग विचारलं, "दुखतंय कधी?"

"गिळताना. गार ताक जरा जातं, चहा अजिबात नाही. थुंकी गिळली तरी कळतं."

"कुठं?"

मी एक बोट ठेवलं. बरोबर एक जागा, चार आण्याच्या नाण्याएवढी.

"काल-परवा कुठली गोळी घेतली?" आणि मग, ज्याची मला धास्ती होती तो प्रश्न: "कशी घेतली?"

मी तपासणीच्या टेबलावर आडवा होऊन, कोपरावर उठून, करून दाखवलं. बाहेरची नर्स आत आली आणि हसू दाबत परत गेली.

डॉक्टरांनी जे समजावलं ते ऐकून मला माझ्या अन्ननलिकेची कीव आली. ही बिचारी साधारण २५ सेंटीमीटरची नळी, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी आखूड. घास आपोआप पडत नाही, ती आकुंचन पावत त्याला खाली सारते. मध्यावर हृदयातून निघालेल्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान तिला टेकते, तिथं वाट जरा दबलेली. कॅप्सूलचं कवच जिलेटीनचं. ओली झाली की कशी टाळूला चिकटते ते ठाऊक आहेच. तशीच ती आत चिकटते. जागं असलं तर माणूस सारखी थुंकी गिळत असतो, तिनं ती सुटते. झोपेत थुंकी सुटणंही कमी आणि गिळणंही कमी. मग कॅप्सूल तिथंच विरघळते. आणि डॉक्सीसायक्लीन पाण्यात विरघळलं की चांगलंच आंबट होतं. पोटाला त्याची सवय असते, नळीच्या कोवळ्या अस्तराला नसते. रात्रभर एकाच जागी ते बसलं आणि तिथं भाजल्यासारखा व्रण पडला.

"म्हणजे माझ्या छातीत लेप्टोच्या औषधाची जखम?"

"औषधाचा दोष नाही. घोटाचा आहे," ते म्हणाले.

इलाजात शौर्य गाजवायला वाव नव्हता. सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी, तीही पेलाभर पाण्याबरोबर, उभं राहून. शिवाय सुक्राल्फेटचं पांढरं दाट औषध, जखमेवर लेप बसवणारं. चुन्याची निवळी प्यायल्यासारखं लागतं. चिखलात उतरणं संपलंच होतं, म्हणून पुढच्या आठवड्याचा डोस त्यांनी बंद केला. गरम, तिखट, आंबट, कडक, सगळं बंद. बहुधा आठवडा-दहा दिवसांत भरतं, म्हणाले. पण पाणीही उतरेना, उलटीत रक्त किंवा शौचाला काळं झालं, ताप आला, किंवा दुखणं हटेनाच, तर दुर्बीण घालून बघावं लागेल.

सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. मदतीला आलेले पाहुणे ओसरीवर बसून परातभर भडंग, वर कांदा, हिरवी मिरची, असा कुरुमकुरुम आवाज करत होते आणि मी आत गार दूधभात. चहा बायको बशीत ओतायची, बोट बुडवून बघायची, मग द्यायची. तिसऱ्या दिवशी मी चोरून गरम घेतला. तिला सांगावं लागलंच नाही, चेहऱ्यानंच सांगितलं. सहाव्या दिवशी घोट जाताना फक्त खरखरलं. नवव्या दिवशी चहा गेला आणि मी छातीवर बोट ठेवून वाट बघत बसलो, काहीच झालं नाही.

आता जरा लाज वाटणारी गोष्ट. आई हाडं ठिसूळ झाल्याची एक गोळी घेते, आठवड्याला एक, रविवारी सकाळी उपाशीपोटी. पेलाभर पाणी पिऊन ती खुर्चीत ताठ बसते, अर्धा तास, घड्याळ लावून. झोपाळ्यावर नाही, कॉटवर तर नाहीच. दोन वर्षं मी ह्याला "मातोश्रींचा दरबार" म्हणत आलो. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की ती गोळी ह्या बाबतीत डॉक्सीसायक्लीनच्या तोडीची आहे, आणि लोहाच्या, पोटॅशियमच्या आणि काही दुखणं थांबवायच्या गोळ्यासुद्धा अशाच वागतात.

त्यानंतरच्या रविवारी मी पित्ताची गोळी घेऊन, रिकामा पेला मांडीवर ठेवून, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. आईनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाठ सरळ कर," म्हणाली. "दरबार हाय."