गोणी, फळी आणि सहा मीटर प्रति सेकंद

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या गुळगुळीत पृष्ठभागाबद्दल मला नितांत आदर आहे. धुळ्यापासून रावेरपर्यंत तसली जागा पाहण्यात नाही, पण नववीच्या गणितात ती जागोजागी असते. खरा घोळ होतो तो पृष्ठभाग अचानक खरबरीत झाला की. तोवर पोरं mgh = ½mv² या एका मंत्रावर सुखात जगत असतात.

तो मंत्र खोटा नाही. 20 मीटर खोल कोरड्या विहिरीत दगड सोडला, तळाशी वेग किती, असं विचारलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, वस्तुमान दिधंच नई!" आणि प्रश्नच चुकीचा म्हणून वही मिटते. अरे भो, वस्तुमान दोन्हीकडे आहे, ते उडून जातं. g 10 धरला तर v² = 2 × 10 × 20, म्हणजे 400. वेग 20 मीटर प्रति सेकंद. उंची जाते आणि वेग येतो, मधे कुणी वाटा मागत नाही, तिथे स्थितिज आणि गतिज ऊर्जेचा हा सरळ व्यवहार पुरतो.

आता वाटा मागणारा आणू. खताची 50 किलोची गोणी ट्रकमधून फळीवरून खाली सोडली. ट्रकचा फाळका जमिनीपासून 1.2 मीटर उंच, फळी 3 मीटर लांब. फळीवरचं घर्षण 100 न्यूटन, जमिनीवरचं 150. पायथ्याशी वेग किती आणि गोणी जमिनीवर किती घसरत जाईल?

इथे सूत्र शोधण्याआधी दोन क्षण पक्के करावेत: कुठून आणि कुठपर्यंत. माझ्या मते निम्मं गणित तिथेच सुटतं, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही. पहिला क्षण फळीच्या माथ्यावर, वेग शून्य. दुसरा पायथ्याशी. मधल्या वाटेत स्थितिज ऊर्जा उतरली 50 × 10 × 1.2, म्हणजे 600 ज्यूल. घर्षणाने खाल्ले 100 × 3, म्हणजे 300. इथे अंतर फळीचं घ्यायचं, उंची नाही. घर्षण फळीला चिकटून चालतं. उरले 300 ज्यूल, तीच गतिज ऊर्जा. ½ × 50 × v² = 300, म्हणून v² = 12 आणि वेग साधारण 3.46.

वर्गात मात्र उत्तरं तीन येतात. 4.9 आलं तर घर्षणाला सुट्टी दिलेली असते. 6 आलं तर संशयित दोन. एकाने घर्षणाचं काम ऋण न धरता 600 मध्ये 300 मिळवले. दुसरा जास्त अभ्यासू: त्याने गुरुत्वाने केलेलं काम 600 लिहिलं, वर उतरलेली स्थितिज ऊर्जा म्हणून आणखी 600 लिहिले आणि मग इमानदारीने 300 वजा केले. एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलले की हो! mgh ही गुरुत्वाच्या कामाचीच नोंद आहे; ती कामाच्या खात्यात लिहा नाहीतर स्थितिज ऊर्जेच्या, दोन्हीकडे नको. दोघांचीही बेरीज 900 होते, v² = 36 आणि v बरोब्बर 6 येतो. पूर्ण वर्गसंख्या, म्हणून पोरगं आणखी खूश. पण घर्षणाशिवायचा वेग जिथे 4.9, तिथे घर्षण असताना गोणी 6 ने कशी पळेल? एवढं विचारलं तरी पेन थांबतो.

फळी जमिनीला टेकते तिथे खरी गोणी आदळते आणि थोडी ऊर्जा तिथेच घालवते. प्रश्न त्याबद्दल गप्प आहे, आपणही गप्प राहू.

पुढे जमिनीवर उंची बदलत नाही, तेव्हा स्थितिज ऊर्जेला हातही लावायचा नाही. बल आणि अंतर आलं की काम बरोबर गतिज ऊर्जेतला बदल: 150 × s = 300, गोणी 2 मीटरवर थांबते. हीच गोणी फळीविना सरळ उचलून ट्रकवर ठेवायला 4 सेकंद लागले, असा वेळ कुठे डोकावला तरच शक्ती: 600 भागिले 4, 150 वॅट. वेळ विचारला नसताना वॅट काढून ठेवणारे दानशूर असतात, त्यांना गुण मिळत नाहीत.

आणि प्रश्नात फक्त "किती लांब जाईल" एवढंच असेल, तर पायथ्याशी थांबायचं कारणच नाही. माथा ते थांबण्याची जागा, दोन्हीकडे वेग शून्य. 600 − 300 − 150s = 0. वर्गमूळ नाही, दशांश नाही, 2 मीटर. पायथ्याशी मुक्काम करून 3.46 चं 3.5 करणाऱ्याची गोणी मात्र 2.04 मीटरवर जाते, आणि ते वरचे 4 सेंटिमीटर कुठून आले हे तो पेपर संपेपर्यंत खोडरबर घेऊन शोधत बसतो.