‘द बेल जार’ आतून सांगते, पण कोणाच्या आतून?

एस्थर ग्रीनवूडला नेमकं झालंय तरी काय? अमेरिकी कवयित्री सिल्व्हिया प्लाथची ही कादंबरी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.च्या मुलांबरोबर वाचायला घेतली की हा प्रश्न येतोच. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो सरळच टाकला. "मॅडम, हिले दुःख कायचं हाय? स्कॉलरशिप हाय, न्यूयॉर्कले फुकटात गेली, रोज पार्ट्या. आमच्याकडं तर..." पुढचं तो बोलला नाही. यवतमाळ जिल्ह्यात ते वाक्य पूर्ण करायची गरजही नसते.

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे माणूस मनाने खचला की आधी कारण विचारतात, आणि ते कारण कागदावर बसावं लागतं. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाखाची सरकारी मदत मिळायची तर नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा दिसावा लागतो, मग प्रकरण ‘पात्र’ ठरतं. तो माणूस कित्येक रात्री झोपला नव्हता, बैलाला पाणी दाखवायचंही त्याच्याच्याने होत नव्हतं, बायकोला "मले गमत नाही" एवढंच म्हणत बसून राहायचा, हे सांगून घरच्यांचा काही फायदा नाही. उलट ‘आजारपण’ असा शिक्का बसला तर नुकसानच. म्हणून ते सांगितलं जात नाही. कर्ज खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते खरंच असतं. पण गोष्ट फक्त कर्जापासून सुरू होते आणि माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याच्यासोबतच जातं. आमच्या भागावरच्या पुष्कळ कथांनीही हाच कागदी आराखडा उचललाय, असं माझं मत. कारण आणि शेवट, मधलं कोरं.

‘द बेल जार’मध्ये मधलंच सगळं आहे. १९५३चा उन्हाळा. एकोणीस वर्षांची एस्थर एका बायकांच्या मासिकात महिनाभर काम करायला न्यूयॉर्कला आलीय. परत घरी गेल्यावर कळतं की लेखनाच्या वर्गात तिला प्रवेश मिळाला नाही. पण यामुळे ती आजारी पडली असं कादंबरी कुठेच म्हणत नाही. त्याच्या आधीपासूनच काहीतरी उसवत चाललेलं असतं. प्लाथ कारण देत नाही, रोजचा दिवस कसा जातो ते देते. एस्थर केस धूत नाही, कपडे बदलत नाही. का? तर आज धुतले की उद्या परत धुवावेच लागणार, मग कशाला. ती पत्र लिहायला बसते आणि स्वतःचंच अक्षर लहान पोराने काढल्यासारखं वाकडं पडलेलं बघते. पुस्तक उघडलं तर अक्षरं हलायला लागतात. वाक्यं साधी आहेत, आवाज सपाट आहे, कुठे हुंदका नाही. प्रसंगही तुटक होत जातात. एकातून दुसऱ्यात नेणारा दुवा निवेदक देत नाही, कारण त्या दिवसांत तिच्यापाशीच तो नसतो.

वर्गात मी केसांचा परिच्छेद वाचला तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. हसायलाच हवं, तो विनोदी आहेच. मग एक मुलगी म्हणाली, "हे तर्कशुद्धच हाय न मॅडम. चुकलं कुठं ते दाखवता येत नाही." मला यात निवेदनाचा खरा आदर दिसतो. एस्थरच्या डोक्यातला तर्क प्लाथ वेड्याचा म्हणून रंगवत नाही. वाचक त्या तर्काच्या आत शिरतो, मान डोलावतो, आणि आपण कुठे येऊन पोचलो हे त्याला उशिरा कळतं.

डॉक्टर गॉर्डनचा प्रसंग तर प्रत्येक डॉक्टरने वाचावा असा आहे. टेबलावर कुटुंबाचा फोटो, तोही पेशंटला दिसेल असा वळवलेला. तो विचारतो, तुला काय बिघडलंय असं वाटतं ते सांग. एस्थर ते वाक्य मनात उलटंपालटं करून बघते: म्हणजे खरं काही बिघडलेलंच नाही, फक्त मला तसं वाटतंय. मग तो तिच्या कॉलेजची चौकशी करतो आणि लढाईच्या काळातली त्या गावची आठवण काढतो. झाली तपासणी. आमच्याकडे "काही नाही, टेन्शन घेते जास्त" म्हणून झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात ठेवतात, ते याच जातीचं.

हाच डॉक्टर तिला विजेचे झटके देतो आणि ते धड देत नाही. एस्थर पूर्ण शुद्धीत असते, निळा उजेड, हाडं मोडल्यासारखा हिसका, आणि तिच्या मनात येतं की आपण असं काय भयंकर केलं होतं? उपचार तिला शिक्षा वाटते. कादंबरी इथेच थांबली असती तर ‘शॉक म्हणजे छळ’ एवढंच हाती लागलं असतं आणि बरेच वाचक तेवढंच घेऊन जातात. पण पुढे दुसऱ्या इस्पितळात डॉक्टर नोलन येते. ती वचन देते की झटके द्यायचे ठरलेच तर आधी सांगेन. एके सकाळी एस्थरचा नाश्ता येत नाही आणि काय ते तिला समजतं. फसवलं म्हणून ती कोपऱ्यात तोंड लपवते. नोलन स्वतः येते, म्हणते, काल सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस, म्हणून आत्ता सांगतेय, आणि मी तुझ्यासोबत येतेय. हाताला धरून नेते. एस्थरला झोप लागते, उठल्यावर मोकळी हवा लागते. उपचार दोन्हीकडे तोच. फरक करण्याच्या रीतीत, आणि आधी सांगण्यात. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता झटके द्यायला बंदी घातली. प्लाथने ते दोन प्रसंग शेजारी ठेवून हेच १९६३ साली दाखवलं होतं. "नागपूरले नेलं", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असं म्हटलं की आमच्याकडे अजूनही लोकांचा आवाज खाली जातो. त्यांना मी कादंबरीतली पानं वाचायला देईन ती नोलनची.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार वॉर्डातल्या बाकीच्या बायकांबद्दल आहे.

व्हॅलरी आठवा. कपाळावर दोन फिकट खुणा, मेंदूची शस्त्रक्रिया झालेली. ती हसून सांगते, आधी मला सारखा राग यायचा, आता येत नाही. एस्थर खुणा बघते, आपण पुढे जातो. मिस नॉरिस बोलतच नाही. एस्थर तिच्याजवळ बसते खरी, पण पुढे ती बाई कथेतून निघूनच जाते. वाढायला येणाऱ्या काळ्या कामगाराला तर एस्थर लाथ मारते आणि निवेदन त्याला विनोदी पात्र करून मोकळं होतं. आणि जोन. एस्थरच्याच गावची, एस्थरच्या आत्महत्येच्या प्रयत्नाची बातमी पेपरात वाचून तिच्यामागे त्याच इस्पितळात आलेली. जोन घोड्यासारखी दिसते, जोन चिकटू बघते, जोन नकोशी वाटते. एस्थर सुटण्याच्या बेताला येते तेव्हा जोन आत्महत्या करते. तिच्या दफनाला उभी राहून एस्थर स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकते. जोनच्या डोक्यात काय होतं? एक ओळ नाही. जे मधलं कोरं ठेवतात म्हणून मी आमच्या कथांना नावं ठेवली, तेच प्लाथने जोनच्या बाबतीत केलं.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं, की आजारी माणसाला दुसरा दिसतच नाही, तेव्हा जोन कोरी राहणं हेच प्रामाणिक. बेल जार म्हणजे काचेची हंडी. शाळेत विजेची घंटा तिच्यात ठेवून हवा काढायचा प्रयोग दाखवतात, घंटा हलताना दिसते पण ऐकू येत नाही. तशीच एस्थर हंडीच्या आत आणि जग बाहेर. युक्तिवाद चांगला आहे आणि मी बराच काळ तो मानतही असे. पण पहिलं प्रकरण नीट वाचा. न्यूयॉर्कमध्ये मिळालेल्या वस्तूंबद्दल सांगताना निवेदक जाता जाता म्हणते की पुढे मी बरी झाल्यावर त्या बाहेर काढल्या आणि गेल्याच आठवड्यात चष्म्याच्या घरावरचा प्लास्टिकचा तारामासा बाळाला खेळायला कापून दिला. म्हणजे ही गोष्ट सांगणारी बाई हंडीच्या आत नाही. ती बरी झालीय, तिच्या मांडीवर मूल आहे, मधे काही वर्षं गेलीत. एकोणीस वर्षांच्या स्वतःकडे ती परत वळून, सावकाश, माया न दाखवताही मायेनं बघते. जोनकडे मात्र अजूनही त्याच जुन्या नजरेनं बघते. आजारपणाची सबब त्या बाईला लागू होत नाही.

आणि हे कागदावरचं भांडण नाही. प्लाथ स्वतः १९५३ मध्ये मॅक्लीन या मनोरुग्णांच्या इस्पितळात होती आणि कादंबरी तिने इंग्लंडात टोपणनावाने काढली ती बऱ्याच अंशी ओळखीची माणसं ओळखू येतील म्हणून. पुढे १९७९ मध्ये सिनेमा आला. त्यावर एका बाईंनी दावा लावला, की जोन माझ्यावरून घेतलीय आणि माझी बदनामी झालीय. त्या प्लाथसोबत मॅक्लीनमध्ये होत्या. त्या मेल्या नव्हत्या, बऱ्या होऊन मानसोपचारतज्ज्ञ झाल्या होत्या. १९८७ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात तडजोड झाली. कादंबरीकाराला माणसं बदलायचा हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एकीला बरं करायला दुसरीला मारावं लागलं, हा निर्णय लेखिकेचा होता, आजाराचा नव्हता.

वर्गात मी हे मांडल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मंग मॅडम, हिनं सोताचा आदर केला, दुसऱ्याचा नाही केला." मी म्हटलं, हो, पण स्वतःचा केला तोही थोडाथोडका नाही, आपल्याकडे तेवढाही कोणी करत नाही. तो पटल्यासारखा गप्प बसला नाही. म्हणाला, आमच्या गावात असा एकजण हाय, त्याच्या घरच्यायकडून लिहून काढलं तर तो जोनच होईल न?

होईल. म्हणून पुढच्या सत्राला मी व्हॅलरीचं ते पान सगळ्यांना देणार आहे. एस्थर बाजूला काढायची, खुणा कपाळावर तशाच ठेवायच्या, आणि व्हॅलरीला राग यायचा तो कोणाचा आणि कशाचा, एवढं तिच्या तोंडून लिहून आणायचं. मराठीत आणलं, वऱ्हाडीत आणलं, चालेल.