आधी आयफोन, मग बागायतदार

तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप काढताय, छान. छाटणीची तारीख टाकायची, की डाऊनी-भुरी या रोगांवरच्या फवारणीची आठवण वेळच्या वेळी फोनवर वाजणार. वर्षाला २९९ रुपये. आता आधी अँड्रॉइड की आधी आयफोन, यावर उगाच डोकं शिणवू नका. स्वतःच्या खिशातला फोन बाहेर काढा. आयफोन आहे ना? झाला बाजाराचा अभ्यास.

एखादा शहाणा सांगेल, "एकदा बेदाण्याच्या सौद्याला जाऊन बस आणि लोकांच्या हातातले फोन मोज." अजिबात जाऊ नका. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, हे तिथं फार जवळून दिसतं. आणखी एक वाईट गोष्ट दिसते. हप्त्यावर घेतलेला आयफोन पोराच्या हातात असतो. औषध कुठलं मारायचं आणि पैसे कुणाला द्यायचे, हे ठरवणारे वडील मात्र काच तडकलेला, जागा भरलेला जुना अँड्रॉइड वापरत असतात. मोजणी सांगलीत विश्रामबागेतल्या कॅफेत करा. तिथं आकडे चांगले येतात.

सासरे पैसे घालणार असतील तर त्यांच्यासाठी हुकमी वाक्य आहे: "आयफोनवाले जास्त खर्च करतात." हे खरंही आहे. जगभरात ॲपलच्या स्टोअरमध्ये लोक गूगल प्लेच्या जवळपास दुप्पट पैसे घालवतात, आणि डाउनलोड मात्र प्लेवर कितीतरी जास्त होतात. फक्त हा पैसा मुख्यतः अमेरिका, चीन, जपानचा आहे आणि त्यातला मोठा वाटा गेम्सचा आहे, एवढं सांगायचं राहून जाऊ द्या. (तुमचं ॲप अमेरिकेतल्या सांगलीकरांच्या पोरांना मराठी शिकवणारं असतं, तर आयफोन आधी हा निर्णय खरंच बरोबर ठरला असता. पण त्या पोरांना बाग फवारायची नसते.)

पाटीवर हिशेब मांडायची सवय असेल तर ती आधी सोडा. समजा, तुमच्या ओळखीतून हजार बागायतदारांपर्यंत पोचलात. ९४० अँड्रॉइडवाले, ६० आयफोनवाले. आयफोनवाला सढळ हाताचा धरू, शंभरात १० जण पैसे भरतील. अँड्रॉइडवाल्यांत शंभरात फक्त ३. म्हणजे आयफोनचे गिऱ्हाईक ६ आणि अँड्रॉइडचे २८. स्टोअरची १५ टक्के कापणी जाऊन आयफोनकडून वर्षाला हातात येतात सुमारे १,५०० रुपये, अँड्रॉइडकडून सुमारे ७,१००. ॲपलची नोंदणी दरवर्षी ९९ डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये. गूगलची एकदाच २५ डॉलर. थोडक्यात, आयफोनवर दरवर्षी सातएक हजारांचा घाटा, आणि ॲप बांधायला मॅक लागतो तो वेगळाच. शिवाय ॲपलच्या १५ टक्क्यांच्या सवलतीसाठी अर्ज करावा लागतो. करू नका. ३० टक्के द्या, रुबाबात राहा.

घरच्यांच्या दबावाखाली अँड्रॉइड करावंच लागलं, तर निदान नीट करू नका. गूगलवर नवं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे ऑक्टोबर छाटणी सुरू झाल्यावरच वाचा. बारा जणांत चुलत्याला, मेव्हण्याला घाला. मधेच एकानं चाचणी सोडली की संख्या ११ वर येईल आणि सलगपणा तुटेल. तोवर पाऊस पडून जाईल, डाऊनीही येऊन जाईल.

आणि तपासायला संगणकाच्या पडद्यावरचा नकली फोन पुरे. खरा स्वस्तातला अँड्रॉइड रात्रभर कुलूपबंद ठेवून सकाळी पाहू नका. बॅटरी वाचवायला तो तुमचं ॲप गपचूप झोपवतो आणि फवारणीची आठवण वाजतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं केलं की बहुतेक वेळा वाजते. पण ते बागायतदाराला ॲपच्या पहिल्याच पानावर मराठीत, चित्रासकट दाखवावं लागतं. एवढं कोण करणार? त्यापेक्षा आयकॉनचा हिरवा रंग आणखी दोन आठवडे ठरवत बसा.

ॲप आयफोनवर आलं की मिरजेच्या हॉलमध्ये उद्घाटन ठेवा. भडंग वाटा. समोर बसलेले काका विचारतील, "प्लेस्टोरवर शोधलं, घावत न्हाई की ओ." हसून सांगा, "लवकरच येतंय." काका मान डोलावतील, तुमच्या स्लाइडवरच्या फवारणीच्या तक्त्याचा फोटो काढतील आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील. तिथं तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडं पोचलेला असेल, फुकट.