उंच कमानीच्या ताठ पायाला मोशन कंट्रोल कशाला?

"तळव्याची कमान उंच आहे आणि पाय बाहेर कलतोय? मग डोळे मिटून मोशन कंट्रोलचे शूज घ्या, ते पाय सरळ धरून ठेवतात. टाच बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर खात्रीच समजा. मऊ कुशनच्या नादी लागू नका, त्यात घोटा मुरगळतो."

या सल्ल्यातला पहिला मुद्दा 'सरळ धरण्या'चा. मोशन कंट्रोलचा शू हातात घ्या आणि मिडसोल, म्हणजे सोलमधला फोमचा थर, आतल्या बाजूने कमानीखाली अंगठ्याने दाबून बघा. तिथला फोम बाहेरच्या बाजूपेक्षा कडक लागतो. बऱ्याच शूजमध्ये तो करड्या रंगाचा वेगळा तुकडाच असतो. चालताना ज्यांचा पाय आत कोसळतो त्यांना अडवायला तो बसवलेला असतो. बाहेर कललेल्या पायाखाली हीच पाचर आली की तो आणखी बाहेर ढकलला जातो. म्हणजे आजार एका दिशेचा आणि औषध दुसऱ्याच.

शिवाय ताठ पायात आवरण्यासारखी हालचाल मुळात असते किती? साधारण पाय जमिनीवर टेकला की थोडा आत वळतो, कमान जराशी दबते आणि आदळण्याचा जोर त्यात जिरतो. उंच, ताठ कमानीचा पाय हे करतच नाही. सगळा भार टाच, बाहेरची कड आणि चवडा यांवरच पडतो आणि धक्का तसाच नडगीपर्यंत जातो. उणीव आहे ती धक्का जिरवण्याची, म्हणून ते काम शूजने करायचं.

एक उदाहरण घेऊ. हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी एक मुलगी वरचाच सल्ला ऐकून कडक शूज घेते. काही आठवड्यांत बाहेरच्या घोट्यामागे ओढ लागते आणि बाहेरच्या कडेच्या मध्यावर जे हाड हाताला लागतं तिथे दुखायला लागतं. घोट्यामागून जाणारे पेरोनियल स्नायूबंध पायाला बाहेर कलण्यापासून सावरत असतात. पाचरीमुळे त्यांचं काम वाढलेलं असतं. कडेचं हाड म्हणजे करंगळीच्या पाचव्या मेटाटार्सलचं बूड. ते बोटाने दाबून नेमकं एकाच जागी दुखत असेल तर धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा, कारण तिथला स्ट्रेस फ्रॅक्चर लवकर भरत नाही.

तिला अनवाणी उभं करून समोरून बघितलं की टाचेची आतली कड घोट्याखालून डोकावताना दिसते, म्हणजे टाच कललेली आहे. मग एक सोपी चाचणी करता येते, कोलमन ब्लॉक टेस्ट. साधारण अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर टाच आणि पायाची बाहेरची कड ठेवायची, अंगठ्याकडचा चवडा आत खाली सोडायचा आणि मागून टाच बघायची. टाच सरळ झाली तर ती अजून लवचीक आहे, तिला कलवतोय तो खाली झुकलेला अंगठ्याकडचा चवडा. अशा पायाला अंगठ्याच्या बुडाखाली खळगा आणि चवड्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित उंची असलेला इनसोल उपयोगी पडतो. टाच कललेलीच राहिली तर ती सरळ करण्याचा हट्ट सोडून फक्त भार पसरवायचा आणि कुशन द्यायचं.

टाचेच्या झिजेबद्दल फार लिहायला नको. बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावरच टेकते, त्यामुळे तिथली झीज सपाट पायवाल्यांच्या शूजवरही सापडेल. बघायचं ते करंगळीखाली. आणि शूज टेबलावर ठेवून मागून बघा. दोन्ही बाहेर झुकलेले दिसले तर कल खरा.

मऊ कुशनच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, अर्धं. उंच, अरुंद आणि गादीसारखा लुसलुशीत सोल अशा पायाखाली बाहेरून दबतो आणि कल वाढतो. म्हणून न्यूट्रल, म्हणजे आतली कडक पाचर नसलेला, शू निवडताना कुशनबरोबर रुंद सपाट बूड आणि टाचेला घट्ट धरणारी वाटी बघायची. वर उंची पुरेशी हवी, नाहीतर लेस कमानीवर रुततात. त्या जागची एक जोडी भोकं सोडून लेस ओवली तरी फरक पडतो. सोल शाबूत असला तरी शू टेबलावर झुकू लागला की तो बाद.

आता माझ्या बाजूची मर्यादा. अमेरिकी सैन्याच्या नव्या भरतीत तळव्याच्या आकारावरून शूज वाटून पाहिले, तेव्हा दुखापती कमी झाल्या नाहीत. ओल्या पावलाच्या ठशावरून शू ठरवू नये, याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे उंच कमान ताठच असते असं नाही. बसून आणि मग उभं राहून कमान बघा. उभं राहिल्यावर ती चांगली खाली येत असेल तर पाय लवचीक आहे आणि इथलं बरंचसं त्याला लागू नाही.

कमान वर्षागणिक वाढत असेल, एकाच पायाला असेल, बोटं आकड्यासारखी वळत असतील किंवा चालताना पाय अडखळत असेल, तर शूजच्या दुकानात जाण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक नसांच्या आजाराची सुरुवात अनेकदा अशाच पायाने होते.