टेडी, गाण्याची डबी आणि पावसाळा

ग्राहकाचा अभिप्राय: "जावेच्या मुलाचं टेडी माझ्या दोन वर्षांच्या मुलीसाठी स्वच्छ करायला दिलं. नऊ दिवस लावले! घरी मशीनला टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात आलं असतं. वर डोळे काढून दोऱ्याचे केले आणि गाण्याची डबी वेगळी पिशवीत दिली. आता ते गातही नाही. साडेचारशे रुपये पाण्यात. दोन तारे, तेही दुकानातली माणसं नीट बोलतात म्हणून."

दुकानाकडून उत्तर:

नमस्कार ताई,

आधी डबीचं सांगते. पाठीची शिवण उसवून ती बाहेर काढली तेव्हा आत बटणाएवढे तीन सेल होते, आणि एकाच्या कडेला पांढरी पूड धरली होती. सेल आतून पाझरला की अशी पूड जमते. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं की ती निघते आणि पत्रा खाल्ला गेला नसेल तर डबी पुन्हा वाजते. तुमची वाजली. तरी ती पोटात परत शिवली नाही, कारण तिच्या झाकणाला स्क्रूच नाही, नख लावलं की उघडतं. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गाणं बंद पडलं म्हणजे सेल निकामी झाला असंही नाही; उतरलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी ताकद उरते. म्हणून पिशवीतल्या डबीत सेल ठेवलेले नाहीत.

डोळ्यांपैकी डावा मूळचा होता, मागून चकतीने अडकवलेला. उजवा कधीतरी पडला असणार, कारण त्या जागी शर्टाचं बटण शिवलेलं होतं, रंग बरोब्बर जुळणारं. ज्यांनी शिवलं त्यांच्या नजरेला दाद द्यायला हवी! पण लटकत्या काट्याचा हूक लावून ओढलं तर दोन किलोच्या आतच दोरा सुटला. खेळण्यांच्या मानकात एवढ्या आकाराच्या भागाला ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोची ओढ सोसावी लागते. डावा डोळा टिकला, पण त्याच्या काठाला चीर गेली होती. दोन वर्षांचं मूल टेडीचा पहिला चावा डोळ्यालाच घेतं, हे रोज पाहतो आम्ही. म्हणून दोन्ही डोळे काळ्या दोऱ्याने भरले, आणि जुन्या डोळ्यात चमक दिसायची त्याच जागी पांढरा एक टाका घातला.

आता दिवसांबद्दल. सुके आणि प्लास्टिकचे नग आम्ही दोन दिवसांत देतो, भरलेल्या खेळण्याचं मात्र पावसाळ्यात तसं होत नाही. तुमचं टेडी धुण्याआधी वजन करून ठेवलं होतं, ४१० ग्रॅम. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, उशीच्या अभ्र्यात घालून पिळवून काढल्यावर ते ६५० भरलं. तिसऱ्या दिवशी हाताला अगदी कोरडं लागत होतं. काट्यावर ठेवलं तर ४५५! म्हणजे पोटात अजून पाव वाटीला थोडं कमी पाणी होतं. घरी नेमकं इथेच फसतं. बाहेरची लव सुकलेली बघून आपण ते कपाटात ठेवतो, आणि मुंबईच्या जुलैत आठवड्याभराने त्याला ओल्या फडक्यासारखा वास मारायला लागतो. तो आतल्या बुरशीचा असतो, वर कितीही अत्तर मारलं तरी जात नाही. हेअर ड्रायरने घाई केली तर कृत्रिम लव आखडते आणि कायमची खरखरीत होते. त्यामुळे पंख्यासमोर, हवेतली ओल खेचणाऱ्या यंत्राच्या खोलीत, रोज भरण हाताने मोकळं करत ते वाळवलं आणि लागोपाठ दोन सकाळी वजन ४१० वर थांबल्यावरच पाठ शिवली. नवं भरण घातलं असतं तर लवकर झालं असतं, पण फॉर्मवर तुम्हीच लिहिलं होतं की आकार दादाच्या टेडीसारखाच राहू दे.

मशीनचं म्हणाल, तर डबी आत असताना धुतलं असतं तर पाझरलेल्या सेलचं पाणी सगळ्या भरणात गेलं असतं.

गालांवरची लव किंचित ओलसर असताना मऊ ब्रशने उलट्या बाजूने फिरवून उठवली. ती फुगीर दिसते ती त्यामुळे. सुगंध मुद्दाम टाळला. गळ्याची रिबीन काढली, कारण ती मुलीच्या गळ्यात अडकण्याइतकी लांब होती. तिच्याच तुकड्यातून तळपायावर तुमच्या लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर शिवलंय, ते तुमच्या नजरेतून निसटलं असावं. कानाची जुनी रफू मात्र तशीच ठेवली.

गाणं हवंच असेल तर टेडी घेऊन या. स्क्रूच्या झाकणाची नवी डबी जाड कापडाच्या पिशवीत घालून पोटात शिवून देऊ. तिची किंमत वेगळी पडेल, शिवणाईचे पैसे घेणार नाही. फक्त सेल बदलताना दर वेळी पाठ उसवावी लागेल, ती कटकट आहे हे आधीच सांगून ठेवते.