९,९०० च्या चार पावत्या आणि १,२३,२४० रुपयांचा कर

«व्यापारी बंधूंनो, घाबरू नका! (१) रोख दहा हजारांची मर्यादा एका पावतीला आहे. पावत्या ९,९०० च्या फाडा, एका दिवसात कितीही द्या. (२) जास्त रोख गेलीच तर दहा हजारांच्या वरची तेवढी रक्कम कापतात. (३) हे कलम खर्चाला आहे, माल खरेदीला नाही. (४) शेतमालाला आणि खेड्यातल्या व्यवहाराला पूर्ण सूट आहे. (५) लहान धंद्याला हे लागूच नाही. सर्वांना पाठवा!»

हा मजकूर पाच-सहा गटांतून माझ्याकडे आला, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग मावसभावाचे वर्षाचे हिशेब हातात आले. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात त्याची दालमिल आहे. जानेवारी ते मार्चची रोकडवही चाळताना एकाच नावापुढे, एकाच तारखेला ९,९०० च्या चार-चार नोंदी दिसू लागल्या. विचारलं तर म्हणाला, "दादा, व्हाट्सअपवर आलं होतं ना. सगळेच असंच करून राह्यले." म्हणून आता लिहितो आहे.

पहिल्या मुद्द्यावरच थांबतो, कारण खरं नुकसान त्यानेच केलं. मर्यादेबाहेर रोखीने दिलेला धंद्याचा खर्च करासाठी नफ्यातून वजा होऊ न देणारं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४०ए(३) पावत्या मोजत नाही. एका माणसाला एका दिवसात दिलेल्या सगळ्या रोख रकमांची बेरीज ते बघतं. ही बेरीज १०,००० रुपयांच्या वर गेली की कलम लागलं, मग पावत्या चार असोत की चाळीस. पावत्या तोडण्याची युक्ती एकेकाळी चालत होती, हे मान्य. तेव्हा कायद्यात एकेका रकमेचाच उल्लेख होता. २००८ च्या वित्त कायद्याने 'एका दिवसातली एकूण रक्कम' हे शब्द घातले आणि ती वाट बंद झाली. तेव्हा मर्यादा २०,००० होती, ती २०१७ मध्ये १०,००० झाली. म्हणजे आज फिरतो आहे तो कित्येक वर्षांपूर्वी मेलेला सल्ला आहे.

आता भावाचा हिशेब. तो खेडा खरेदीवाल्या एका व्यापाऱ्याकडून दिवसाला सहा क्विंटल तूर घ्यायचा. ६,६०० रुपये भावाने ३९,६०० झाले, म्हणजे बरोबर ९,९०० च्या चार पावत्या. असे पंचवीस दिवस भरले. एकूण रोख गेली ९,९०,००० रुपये. इथे दुसऱ्या मुद्द्याचा खोटेपणा उघडा पडतो. रोज ३९,६०० मधले २९,६०० बाद आणि १०,००० मंजूर, असं होत नाही. अख्खे ३९,६०० बाद होतात. पूर्वी काही वर्षं अशा खर्चाचा २० टक्के भागच नामंजूर व्हायचा, त्यातून कुणाच्या डोक्यात 'थोडंच कापतात' हे राहिलं असेल. २००७ च्या वित्त कायद्यापासून शंभर टक्के नामंजूर होतो.

२०२५-२६ चा त्याचा खरा नफा सहा लाख. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य. पण ९,९०,००० चा खर्च धरला नाही की कागदावरचा नफा १५,९०,००० होतो. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, उरलेल्या ३,९०,००० वर १५ टक्क्यांनी ५८,५००. झाले १,१८,५००, त्यावर ४ टक्के उपकर धरून १,२३,२४०. अग्रिम कर भरला नव्हता, त्याचं व्याज वेगळं. तूर खरी आली, डाळ होऊन विकलीही गेली, पैसेही खरेच दिले. तरी न कमावलेल्या नफ्यावर हा कर.

तिसऱ्या मुद्द्याला फार शब्द लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अत्तर सिंग गुरमुख सिंग प्रकरणात सांगून ठेवलं आहे की कच्चा माल किंवा विक्रीसाठी घेतलेला माल यांचे पैसे हाही या कलमातला खर्चच. त्याच निकालात हे कलम घटनाबाह्य नाही, हेही ठरलं.

चौथ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि आपल्याकडे त्या अर्ध्यानेच घोळ होतो. नियम ६डीडी प्रमाणे शेतमाल पिकवणाऱ्याला थेट रोख दिली, तर हे कलम लागत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रक क्रमांक २७ मध्ये स्पष्ट केलं आहे की शेतकऱ्याने दोन लाखांच्या आतला शेतमाल व्यापाऱ्याला रोखीने विकला, तर व्यापाऱ्याचा खर्च नामंजूर होत नाही आणि शेतकऱ्याला पॅनही द्यावा लागत नाही. माझ्या भावाने शेतकऱ्यांकडून थेट घेतलेली तूर म्हणूनच सुरक्षित आहे. त्या प्रत्येक खरेदीची काटापावती, शेतकऱ्याचं नाव-गाव, सही आणि सातबाऱ्याची प्रत त्याच्याकडे आहे. खेडा खरेदीवाल्याने मात्र ती तूर पिकवलेली नाही, शेतकऱ्यांकडून विकत घेतली. सूट पिकवणाऱ्याला दिलेल्या पैशाला आहे, म्हणून मधल्या व्यापाऱ्याला दिलेले पैसे त्यात बसत नाहीत. तूर तीच, पण पैसे घेणारा बदलला की नियम बदलला.

खेड्याच्या सुटीचंही तसंच. ज्या गावात बँकच नाही, तिथे राहणाऱ्या किंवा धंदा करणाऱ्या माणसाला त्या गावात रोख दिली तर सूट मिळते. बघायचं ते पैसे घेणाऱ्याचं गाव. भावाच्या खेड्यात बँक नाही, पण तो व्यापारी राहतो कारंज्याला, दुकानही तिथलंच, आणि कारंज्यात बँकांना तोटा नाही.

पाचवाही अर्धवटच. कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून विवरण भरणाऱ्याला खर्च दाखवावाच लागत नाही, म्हणून त्याला हा फटका बसत नाही. पण ती सोय दोन कोटींच्या उलाढालीपर्यंत आहे, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत. भावाची उलाढाल दोन कोटींच्या वर आणि विक्री बरीचशी रोखीने. त्याला लेखापरीक्षण लागतंच, आणि लेखापरीक्षकाला फॉर्म ३सीडी मध्ये अशा रोख रकमा नमूद कराव्या लागतात. लपवायला जागा नाही. नवा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला, त्यातही मर्यादा हीच आहे.

हिशेब दाखवल्यावर भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तारखा बदलून टाकू का? रोज एकच पावती दाखवू." मी नाही म्हटलं. काट्याच्या पावत्यांवर तारखा आहेत, समोरच्या व्यापाऱ्याच्या वहीतही आहेत, आणि खोट्या नोंदीला त्या नोंदीच्या रकमेइतकाच दंड बसू शकतो. म्हणजे १,२३,२४० वाचवायला गेला तर ९,९०,००० अंगावर यायचे.

त्या व्यापाऱ्याचे पैसे आता आरटीजीएसने जातात. चेक द्यायची वेळ आली तर वर 'अकाउंट पेयी' लिहून घेतो, कारण बेअरर चेक या कलमात रोखीसारखाच धरला जातो. उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे पुढच्या वर्षी मर्यादेबाहेर रोखीने फेडले, तरी ती रक्कम त्या वर्षाच्या नफ्यात धरली जाते, हे त्याला मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे. ट्रकवाल्याच्या भाड्याला मर्यादा ३५,००० ची आहे, तेही त्याच पानावर आहे.