पन्नास अधिक वीस म्हणजे सत्तर नव्हे

गेल्या दिवाळीच्या आधी वर्तमानपत्रातून आलेले कपड्यांच्या एका दुकानाचे पत्रक मी खरेदी झाल्यावरही टाकून दिले नाही, आणि रात्री जेवणानंतर ते, बिल आणि कपड्यांना लटकवलेली किमतीची लेबले शेजारी ठेवून हिशेब मांडला. घरच्यांना तो माझा चिकटपणा वाटला. असेलही, पण त्या अर्ध्या तासात जे दिसले ते लिहिण्यासारखे आहे.

पत्रकावर ठळक अक्षरांत ‘५०% + २०% सूट’ असे होते. मधले अधिकचे चिन्ह पाहून आपण नकळत बेरीज करतो आणि सत्तर टक्के सूट धरून चालतो. प्रत्यक्षात दुसरी सूट मूळ किमतीवर नसून पहिली सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवर असते. २,००० रुपयांचा कुर्ता आधी १,००० वर येतो आणि त्या हजाराचे वीस टक्के म्हणजे २०० आणखी कमी होऊन ८०० रुपये पडतात. म्हणजे एकूण सूट साठ टक्के. पडताळणीसाठी सूट किती मिळाली हे न पाहता किंमत किती उरली हे पाहावे: निम्म्याचे ऐंशी टक्के, म्हणजे मूळ किमतीच्या ०.४ पट. टक्केवारीच्या सुटी कोणत्याही क्रमाने लावल्या तरी उत्तर तेच येते. मात्र साखळीत २०० रुपयांचे कूपन आले की क्रमाला महत्त्व येते, कारण ते वीस टक्क्यांच्या आधी वजा केले तर कुर्ता ६४० रुपयांना पडतो आणि नंतर वजा केले तर ६०० रुपयांना. आधी काय वजा होणार, हे आमच्या पत्रकात कुठेच लिहिलेले नव्हते.

आम्ही २,००० चा कुर्ता आणि ३,००० चा पंजाबी ड्रेस घेतला होता. पाच हजारांचे ०.४ पट म्हणजे २,००० रुपये व्हायला हवे होते. बिलात २,२०० होते. प्रत्येक ओळीतील रक्कम लेबलवरील किमतीने भागून पाहिली, तेव्हा ड्रेसचे उत्तर ०.४ आले आणि कुर्त्याचे ०.५. म्हणजे कुर्त्याला दुसरी सूट लागलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारले असता तो ‘नवीन माल’ असल्याचे सांगण्यात आले. ज्या रॅकवरून तो उचलला त्यावर दोन्ही सुटींची पाटी होती, हे दाखवल्यावर व्यवस्थापकांनी २०० रुपये परत केले. नुसती एकूण रक्कम पाहिली असती तर चूक कोणत्या ओळीत आहे, हे कळले नसते.

‘एकावर एक फ्री’चे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. फुकट मिळतो तो नेहमी कमी किमतीचा नग, त्यामुळे १,४९९ आणि ९९९ चे दोन शर्ट घेतल्यास सूट पन्नास टक्के नसून चाळीसच्या आसपास असते. आम्ही चार शर्ट घेतले होते: १,४९९, १,३९९, ८९९ आणि ७९९ रुपयांचे. एकाच बिलात संगणकाने वरच्या दोन किमती वसूल केल्या आणि खालचे दोन फुकट दिले, म्हणून २,८९८ रुपये गेले. हेच दोन बिलांत, महाग शर्ट एकीकडे आणि स्वस्त दुसरीकडे असे घेतले असते, तर १,४९९ आणि ८९९ मिळून २,३९८ रुपये झाले असते. पाचशे रुपयांचा हा फरक पत्रकातील अटींचा कोणताही भंग न करता पडला होता, त्यामुळे दुकानाशी भांडण्याची सोय नव्हती. जोड्या कशा लावणार हे पत्रकात लिहिणे बंधनकारक असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

बिलाच्या तळाशी करही पाहावा. लेबलवरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे तिच्यावर सूट दिल्यानंतर उरलेल्या रकमेवर पुन्हा कर चढवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने व्हॅटच्या काळातील एका प्रकरणात २०१७ साली म्हटले होते. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असला तर घाबरू नये. तो देय रकमेत आधीच धरला आहे की वरून मिळवला आहे, एवढे बेरीज करून पाहावे. आमच्या बिलात तो आत धरलेला होता.

यंदा त्याच दुकानात पुन्हा चार शर्ट घेतले. दोन बिले करा म्हणालो, तर काउंटरवरच्या मुलाने एका मोबाईल क्रमांकावर योजनेचे एकच बिल निघते असे सांगितले. मग स्वस्त दोन शर्ट घेऊन सौ. माझ्या मागे रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःचा क्रमांक दिला.